भाडं पाण्यात जातं, मग व्याज कुठे जातं?

मे महिन्यात भाचा घरी आला तो चपला काढायच्या आधीच म्हणाला, मामा तुझा लॅपटॉप दे जरा. वाकडला एक टू बीएचके बघून आला होता, रीसेलचा, रेडी, ओसी मिळालेली बिल्डिंग, किंमत ९० लाख. एजंटने सांगितलं होतं की रविवारपर्यंत टोकन दिलं नाही तर दुसरी पार्टी तयार आहे. (एजंटची दुसरी पार्टी कायम तयारच असते, मी आजवर एकदाही तिला बघितलेलं नाही.) भाचा सध्या तिथून दोन गल्ल्या सोडून, जवळपास तेवढ्याच फ्लॅटमधे, महिना २७ हजार भाड्याने राहतो आणि त्याचं म्हणणं अगदी साधं होतं, जे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय किंवा बोललोय, की "मामा, २७ हजार दर महिन्याला पाण्यात चाललेत, त्यात थोडे घालून हप्ता भरला तर घर तरी आपलं होईल."

मी म्हटलं थोडे म्हणजे किती ते आधी काढू. एक्सेलमधे हे एका ओळीत निघतं, २० लाख स्वतःचे घातले आणि ७० लाख कर्ज घेतलं, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे २४० हप्ते:

```
=PMT(8.5%/12, 240, -7000000)
```

उत्तर ६०,७४८. आपण ६०,७५० धरू. म्हणजे थोडे घालून नाही, दुपटीपेक्षा जास्त. पण तो यालाही तयार होता, कारण त्याच्या डोक्यात असं होतं की भाडं गेलं ते गेलं आणि हप्ता मात्र सगळा घरात जमा होतो. इथेच सगळी गंमत आहे. पहिल्या महिन्याच्या ६०,७५० मधे व्याज किती असतं? ७० लाखावर साडेआठ टक्के, भागिले १२, म्हणजे ४९,५८३. मुद्दलात गेले फक्त ११ हजार आणि काहीतरी. म्हणजे भाड्याने राहताना घरमालकाला २७ हजार देत होता, आता बँकेला ५० हजार देणार, आणि दोन्ही पैसे सारखेच परत न येणारे. बँकेने दिलेल्या पैशाचं भाडं म्हणजेच व्याज, एवढं एक डोक्यात बसलं की पुढचा हिशोब सोपा आहे.

मग त्याला दुसरी ओळ टाकून दाखवली, १० वर्षांनी किती कर्ज उरेल त्याची:

```
=FV(8.5%/12, 120, 60748, -7000000)
```

उत्तर जवळपास ४९ लाख. हे बघून तो खरंच गप्प झाला. निम्मी मुदत संपली, बँकेत ७३ लाख भरून झाले, आणि ७० लाखातले फक्त २१ लाख फिटले, बाकीचे ५२ लाख व्याज. यात बँकेने कोणाला फसवलं असं काही नाहीये, उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं आणि सुरवातीला मुद्दलच मोठं असतं, म्हणून हप्त्यातला मोठा भाग तिकडे जातो, गणितच तसं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी टोकन देताना कोणी सांगत नाही, ती म्हणजे डाउन पेमेंट २० लाख नसतं. पुण्यात किंवा पिंपरी चिंचवडला स्टॅम्प ड्युटी सगळे सेस धरून ७ टक्के, म्हणजे ९० लाखावर ६ लाख ३० हजार. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी लागते, पण नवरा बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती सवलत मिळत नाही, हे खूप जणांना रजिस्ट्रेशनच्या दिवशी कळतं.) रजिस्ट्रेशन फी ३० हजार. एजंट एक टक्का, ९० हजार. बँकेची प्रोसेसिंग, वकिलाचा सर्च रिपोर्ट, फ्रँकिंग वगैरे मिळून ५० हजार धरा. आणि मग किचनच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब, ग्रिल, गीझर, पडदे, थोडा रंग, कितीही हात आखडला तरी ४ लाख. बेरीज केली तर २० चे झाले ३२ लाख. वरचे १२ लाख बँक देत नाही, कारण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन घराच्या किमतीत धरून कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे, आणि पडद्यांसाठी होम लोन कोण देणार. हे सगळं खिशातून, आणि हे १२ लाख घर विकलं तरी परत येत नाहीत. अंडर कन्स्ट्रक्शन घेतला असता तर यावर ५ टक्के जीएसटी आला असता आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही, त्यामुळे रेडी घर बघतोय हे त्याने बरं केलं होतं.

"आणि महिन्याचं?" मी विचारलं. त्याने फक्त हप्ता लिहिला होता. सोसायटी मेंटेनन्स साडेतीन हजार, जो आत्ता त्याचा घरमालक भरतो म्हणून त्याला माहितीच नव्हता. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १५ हजार, म्हणजे महिना साडेबाराशे. आणि दुरुस्ती, याला महिना दीड हजार सरासरी धरू. ही सरासरी म्हणजे दर महिन्याला दीड हजार जातात असं नाही, दोन वर्षं काहीच होत नाही आणि मग एकदम वरच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छताला लागतं आणि टाइल्स फोडाव्या लागतात, किंवा सोसायटीच्या नोटीस बोर्डवर बाहेरच्या रंगासाठी प्रत्येक फ्लॅटमागे पन्नास हजाराची नोटीस लागते. आमच्याकडे मागच्या वर्षी लागली, आणि त्याच दिवशी तळमजल्यावरचा भाडेकरू आमच्याकडे बघून मिशीत हसत होता. तर हे तिन्ही मिळून ६,२५०. हप्ता अधिक हे, बरोबर ६७ हजार महिना.

आता दोन भाचे आहेत असं समजा. एक घर घेतो, ३२ लाख आधी घालतो आणि दर महिन्याला ६७ हजार. दुसरा भाड्यानेच राहतो, त्याच्याकडे पण तेच ३२ लाख आहेत आणि तोच पगार आहे. त्याचं डिपॉझिट आणि एजंटचं एक महिन्याचं भाडं मिळून लाखभर बाजूला काढलं तर ३१ लाख उरतात, ते तो म्युच्युअल फंडात टाकतो, आणि दर महिन्याला ६७ मधून २७ हजार भाडं देऊन उरलेले ४० हजार एसआयपीत टाकतो. भाडं दर वर्षी वाढणार, ६ टक्के धरू, मेंटेनन्स आणि टॅक्स पण तसेच वाढतील. हप्ता मात्र तेवढाच. त्यामुळे दुसऱ्या भाच्याकडे उरणारी रक्कम दर वर्षी घटत जाते, पहिल्या वर्षी महिना ४० हजार, पाचव्या वर्षी साडेचौतीस, दहाव्या वर्षी पावणेसव्वीस. ही घट हिशोबात धरायलाच पाहिजे, कारण रेंट अच्छा आहे म्हणणारे लोक बऱ्याचदा पहिल्या वर्षाचा फरक २० वर्षं ताणतात आणि कोट्यवधीचे आकडे दाखवतात, ते काही खरं नाही. आपण ताणला नाही तर १० वर्षात एसआयपीत एकूण ४० लाख जातात.

फंडाला वर्षाला १० टक्के धरू. सगळे पैसे इक्विटीत नसतील, थोडे डेटमधे पण असतील, शिवाय रेग्युलर प्लॅन घेतला तर त्यातला जवळपास एक टक्का कमिशनमधे जाऊ शकतो (डायरेक्ट घ्या रे बाबांनो), म्हणून १२ वगैरे मी धरत नाही. तर ३१ लाखाचे १० वर्षांनी ८० लाख होतात, एसआयपीचे ६९ लाख, एकूण दीड कोटी. सगळं एकाच वर्षी विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, तो पावणेदहा लाखाच्या आसपास जातो, हातात १ कोटी ४० लाख.

पहिला भाचा, घरवाला. त्याचं घर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं तर ९० चे १६१ लाख. तोंडाला पाणी सुटतं. पण त्यातून उरलेलं कर्ज ४९ लाख, विकताना एजंट दीड लाख, आणि नफ्यावर साडेबारा टक्के म्हणजे पावणेआठ लाख कर काढला की हातात १ कोटी ३ लाख. फरक ३७ लाखाचा. घर ८ टक्क्यांनी वाढलं तर हातात १ कोटी ३१ लाख, तरी थोडं मागेच. दोघांची बरोबरी कुठे होते ते काढलं तर उत्तर आलं साडेआठ टक्के, म्हणजे ९० लाखाचा फ्लॅट १० वर्षांनी २ कोटी ३ लाखाला विकला गेला तर दोन्ही भाचे सारखे.

हे साडेआठ आलं कुठून ते एक्सेल शिवाय पण बघता येतं, आणि मला ही कागदाच्या चिठ्ठीवरची पद्धतच जास्त आवडते कारण तिच्यात चूक लगेच दिसते. घरवाल्याचे एका वर्षात परत न येणारे पैसे मोजा. व्याज ५ लाख ९० हजार. मेंटेनन्स, टॅक्स, दुरुस्ती ७५ हजार. घातलेले ३२ लाख फंडात असते तर १० टक्क्यांनी मिळाले असते ते ३ लाख २० हजार, हे प्रत्यक्ष खिशातून जात नाहीत म्हणून कोणी मोजत नाही पण गेलेच आहेत. आणि ते १२ लाख, जे परत येत नाहीत, ते १० वर्षात वाटले तर वर्षाला १ लाख २० हजार. एकूण ११ लाखाच्या थोडं वर. यातून वाचलेलं भाडं वजा करा, ३ लाख २४ हजार. उरले ७ लाख ८० हजार. म्हणजे ९० लाखाच्या घराने दर वर्षी एवढं वाढायला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी. ७.८ भागिले ९० म्हणजे ८.७ टक्के. एक्सेलने साडेआठ सांगितलं, चिठ्ठीने पावणेनऊच्या जरा आत. पुरे.

याच चिठ्ठीतून हेही कळतं की उत्तर नेमकं कशाने हलतं. सगळ्यात जास्त हलतं ते भाडं आणि किमतीच्या प्रमाणाने. इथे वर्षाचं भाडं किमतीच्या ३.६ टक्के आहे. ते प्रमाण एक टक्क्याने वाढलं की बरोबरीचा दर साधारण एक टक्क्याने उतरतो. म्हणजे एखाद्या गावात ६० लाखाच्या घराला २४ हजार भाडं येत असेल (वर्षाचं २ लाख ८८ हजार, ४.८ टक्के) तर तिथे घराने साडेसातच्या आसपास वाढलं तरी चालतं. आणि मुंबईत जिथे हे प्रमाण अडीच तीन टक्क्यांवर असतं तिथे घराला साडेनऊच्या घरात पळावं लागेल. त्यामुळे "घर घ्यावं की भाड्याने राहावं" याचं सगळ्यांना एकच उत्तर देणाऱ्याला आधी विचारायचं की बाबा भाडं किती आणि किंमत किती.

दुसरं म्हणजे किती वर्षं राहणार. ते बुडणारे १२ लाख १० वर्षात वाटले तर वर्षाला सव्वा लाख पण ५ वर्षात वाटले तर २ लाख ४० हजार. मी ५ वर्षांचं पण काढून बघितलं, कंपनीने बंगळूरला पाठवलं म्हणून फ्लॅट विकावा लागला तर बरोबरीला घर वर्षाला १० टक्के वाढलेलं पाहिजे. उलट १५, २० वर्षं तिथेच राहणार असाल तर तो बोजा पातळ होतो आणि शिवाय भाडं हप्त्याला गाठायला लागतं, आपल्या आकड्यांनी २०व्या वर्षी भाडं हे हप्ता अधिक मेंटेनन्सच्या पुढे जातं. वर्षभरात कर्ज संपतं आणि घरवाला फक्त मेंटेनन्सवर राहतो, भाड्याचा भाचा मात्र तेव्हा महिना ८० हजाराच्या वर देत असतो. म्हातारपणी ही गोष्ट छोटी नाही, त्याच्याकडे फंड मोठा असायलाच पाहिजे, नाहीतर अवघड आहे.

इन्कम टॅक्सचं काय असं भाच्याने विचारलं. नव्या रिजीममधे स्वतः राहत्या घराच्या व्याजावर काही वजावट नाही, एचआरए पण नाही, त्यामुळे हिशोबात काही फरक पडत नाही. जुन्यात २ लाखापर्यंत व्याज मिळतं आणि भाड्यावर एचआरए मिळतो, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं वजा होतं. घर विकून वेळेत दुसरं घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचवता येतो, तसं केलं तर वरची बरोबरी साडेआठवरून पावणेआठच्या जवळ येते. टॅक्ससाठी घर घेऊ नकोस एवढंच सांगितलं त्याला.

आता तोपर्यंत ताई, म्हणजे त्याची आई, चहा घेऊन आली होती आणि उभ्याउभ्या ऐकत होती. तिने विचारलं, "आणि खालच्या जोशी काकांनी २००८ साली ३० लाखाला घेतलेला फ्लॅट आज ९० ला आहे तो? तिप्पट झाले ते काय खोटं?" अजिबात खोटं नाही. पण १७ वर्षात तिप्पट म्हणजे वर्षाला ६.७ टक्के. तिप्पट ऐकायला केवढं मोठं वाटतं आणि ६.७ ऐकायला एफडीसारखं, पण आकडा एकच आहे. शिवाय काकांनी ३० मधले १० स्वतःचे घातले असतील, त्यामुळे त्यांना वाटतं १० चे ९० झाले, मधले व्याजाचे हप्ते कोणीच आठवत नाही. कर्ज घेतलेल्या वस्तूचं असंच असतं, भाव वाढला की स्वतःच्या पैशावरचा फायदा फुगून दिसतो. भाव थांबला की तोच उलटा फिरतो, पुण्यात साधारण २०१४ नंतर काही वर्षं बऱ्याच भागात भाव जागेवर होते आणि व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला चालू, त्या काळात घेतलेल्यांना विचारा.

पण ताईचा दुसरा मुद्दा मला उडवता आला नाही. ती म्हणाली, "अरे पण हा ४० हजार दर महिन्याला टाकणार आहे का? याला मी ओळखते." वरचा सगळा दीड कोटीचा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणून मी तिच्यासमोरच शीटमधे एसआयपी शून्य केली. ३१ लाख फंडात टाकले आणि महिन्याचा फरक खाऊन टाकला, नवा फोन, गोव्याच्या ट्रिपा, मोठी गाडी, तर १० वर्षांनी कर जाऊन हातात ७४ लाख. आणि घरवाला, घर फक्त ४ टक्क्यांनी वाढलं तरी ७९ लाखावर. म्हणजे खराब वाढलेलं घर सुद्धा न केलेल्या एसआयपीला हरवतं. निम्मी एसआयपी केली तर १ कोटी ७ लाख, म्हणजे ६ टक्क्यांनी वाढलेल्या घराच्या जरासं पुढे. होम लोनचा हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, सिबिल खराब होतो, म्हणून माणूस हप्ता भरतोच. एसआयपी थांबवायला अॅपमधे दोन टॅप लागतात आणि कोणी विचारत पण नाही. आपल्या आधीच्या पिढीला घराने श्रीमंत केलं ते घराच्या भाववाढीने जेवढं केलं त्यापेक्षा जास्त बँकेच्या धाकाने केलं असं माझं तरी मत आहे.

हीच गोष्ट उलटी पण आहे हं. नोकरी गेली तर एसआयपी बंद करता येते आणि फंडातून सहा महिने भाडं पण निघतं. ६७ हजाराचा खर्च बंद करता येत नाही, आणि घरातला एक बेडरूम विकता येत नाही. भाचा ज्या कंपनीत आहे तिथे मागच्या वर्षी त्याच्याच टीममधले चार जण गेले. आणि व्याजदर फ्लोटिंग असतो हेही लक्षात ठेवायला पाहिजे, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मधे रेपो रेट ४ वरून साडेसहा झाला तेव्हा कितीतरी जणांचा हप्ता तोच राहिला पण मुदत काही वर्षांनी लांबली आणि त्यांना ते स्टेटमेंट काढल्यावर कळलं. (तसंच दर उतरला की आपला उतरला का ते बँकेला विचारावं लागतं, आपोआप उतरेल असं धरून बसू नका.)

फंडाचा धोका वेगळा, आणि तो मी त्याला लपवला नाही. १० टक्के म्हणजे दर वर्षी १० नाही. २०२० च्या जानेवारीत निफ्टी १२,३०० च्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, सव्वा दोन महिन्यात ३८ टक्के. त्याच्या ३१ लाखाचे कागदावर १९ झालेले दिसले असते. फ्लॅटचा भाव पण तेव्हा पडला असेल, पण तो फोनवर दर मिनिटाला दिसत नाही, म्हणून माणूस झोपतो. जो माणूस मार्च २०२० मधे घाबरून विकून मोकळा झाला त्याच्यासाठी वरचं १० टक्क्यांचं गणित लागूच नाही. तुम्ही फंडाला ८ टक्केच धरलेत तर भाड्याच्या भाच्याच्या हातात १ कोटी २२ लाख येतात आणि बरोबरीचा दर साडेसातच्या जरा खाली येतो, म्हणजे जो जास्त सावध आहे त्याला घर थोडं जास्त परवडतं. हा मधला मार्ग पण आहे की घर घ्यायचं आणि बोनस आला की कर्जात भरायचा, फ्लोटिंग होम लोनला प्रीपेमेंटचा दंड नसतो, आणि साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे साडेआठ टक्के पक्का, बिनकराचा फायदा, जो बाजारात कुठे मिळत नाही.

भाड्याच्या बाजूचे त्रास पण शीटमधे टाकले. दर तीन वर्षांनी घर बदलावं लागलं तर टेम्पो, एजंटचा एक महिना, अॅग्रीमेंट, एसी काढून बसवणं, धरून चालू ५० हजार, १० वर्षात दीड लाख. १ कोटी ४० लाखात दीड लाख कुठे दिसत पण नाही. पण पोरीची शाळा दोन गल्ल्यांवर असताना घरमालकाचा मुलगा अमेरिकेतून परत आला म्हणून दोन महिन्यात घर सोडा असा फोन येतो, भिंतीला खिळा मारायला विचारावं लागतं, काही सोसायट्यांत भाडेकरूला मीटिंगला पण बसू देत नाहीत, हे आकड्यात कसं घालणार. मी भाच्याला विचारलं की घर स्वतःचं असण्याचे तू वर्षाला किती पैसे द्यायला तयार आहेस. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, दीड लाख. म्हटलं मग ते चिठ्ठीत भाड्यात मिळवून टाक. ७ लाख ८० हजारातून दीड गेले, ६ लाख ३० हजार, भागिले ९०, ७ टक्के. आता तुला स्वतःला विचार की वाकडचा, दहा वर्षांनी वीस वर्षं जुना झालेला हा फ्लॅट १० वर्षं सलग ७ टक्क्यांनी वाढेल का. जमीन वाढते, बिल्डिंग जुनी होत जाते, आणि शेजारी नवा टॉवर आला की गिऱ्हाईक तिकडे जातं.

टोकन त्या रविवारी त्याने दिलं नाही. नाही म्हणायचं पण त्याने ठरवलं नाही, त्याने एक वेगळंच केलं, आणि ते मला आवडलं. जूनपासून सहा महिने हप्ता चालू आहे असंच समजायचं, पगार झाला की दुसऱ्या दिवशी ४० हजार वेगळ्या खात्यातून इंडेक्स फंडात, आणि काय होतं ते बघायचं. म्हणजे घर परवडतंय का हेही कळेल आणि भाड्याने राहून शिस्त राहते का हेही.

डिसेंबरमधे परत आला, यावेळी चपला नीट काढून. सहापैकी चार महिने पूर्ण ४० हजार गेले होते, एका महिन्यात २०, आणि दिवाळीच्या महिन्यात शून्य. २ लाख ४० हजारातले १ लाख ८० हजार, म्हणजे ७५ टक्के. शीट उघडून त्याने स्वतःच एसआयपीच्या ओळीला ०.७५ ने गुणलं. १ कोटी ४० चे १ कोटी २४ लाख झाले, आणि बरोबरीचा दर साडेआठवरून साडेसातवर आला. त्यातून त्याचे ते दीड लाख वजा केले तर पाच-सहा टक्क्यांच्या मधे कुठेतरी. ताई मागून बघत होती. ती म्हणाली, "तो वाकडचा फ्लॅट गेला का रे?" गेला नव्हता. एजंटने ८६ सांगितले होते, आणि दुसरी पार्टी अजून तयारच होती.